सूर्य ही एक देखणी बाई: हायनेच्या एका कवितेचं मराठी करताना

जर्मन शिकायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात कळतं की तिथे सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी. डी झोनऽ, डेअर मोन्ड. मराठी विद्यार्थ्याला चंद्राचं काही वाटत नाही, कारण आपल्याकडेही तो पुल्लिंगीच. सूर्याशी मात्र तो अडखळतो, मग पाठ करून टाकतो आणि पुढे जातो. गद्याचं भाषांतर करताना हा फरक क्वचितच आड येतो. हवामानाच्या बातमीतली झोनऽ मराठीत 'सूर्य' किंवा 'ऊन' होते आणि काहीही सांडत नाही.

कवितेतही बहुतेक वेळा काही सांडत नाही, हे आधी सांगायला हवं, कारण या विषयावर बोलताना अतिशयोक्ती फार होते. ग्योटेच्या 'फाउस्ट'च्या पहिल्या भागात (१८०८) स्वर्गातल्या प्रस्तावनेची सुरुवात सूर्यानेच होते. भावंडगोलांच्या स्पर्धागीतात सूर्य आपला सूर मिळवतो आणि नेमून दिलेला प्रवास मेघगर्जनेच्या चालीने पुरा करतो. मूळ जर्मनमध्ये तिथे 'ती' हे सर्वनाम आहे. पण त्या ओळींत बाई कुठेच नाही. मराठीत 'तो' म्हटलं तरी ओळींचं वजन जसंच्या तसं राहतं. असं लिंग झोपलेलं असतं. ते व्याकरणात आहे, अर्थात नाही.

प्रश्न येतो तो लिंग जागं असतं तेव्हा. इथे घेतलेलं प्रकरण तसंच आहे. हाइन्रिश हायने (१७९७–१८५६) १८२५ च्या उन्हाळ्यात उत्तर समुद्रातल्या नॉर्डरनाय बेटावर गेला, पुढच्या वर्षी पुन्हा गेला. त्यातून 'उत्तर समुद्र' नावाच्या दोन कवितामाला झाल्या आणि १८२७ च्या 'बूख डेअर लीडर' या संग्रहात त्या एकत्र आल्या. दुसऱ्या मालेतली चौथी कविता सूर्यास्ताची आहे: 'उन्टरगांग डेअर झोनऽ'. ती मराठीत आणायची तर काय करावं लागतं, हे पाहू.

कविता थोडक्यात अशी. सुंदर सूर्य शांतपणे समुद्रात उतरलेला आहे. लाटांवर रात्रीचा काळोख चढतोय, वर सांजेची लाली अजून सोनं शिंपतेय, आणि पांढऱ्या लाटा किनाऱ्याकडे उड्या मारत येताहेत, गुराख्याच्या पोराने संध्याकाळी घरी हाकलेल्या कोकरांच्या कळपासारख्या. बरोबर चालणारा मित्र बराच वेळ गप्प राहून म्हणतो, "किती सुंदर आहे सूर्य!" आणि मग अर्धं हसत, अर्धं हळवं होत तो एक गोष्ट सांगतो. सूर्य ही एक सुंदर स्त्री आहे. तिने सोय पाहून म्हाताऱ्या समुद्रदेवाशी लग्न केलं आहे. दिवसभर ती आकाशात नटून हिंडते, सारं जग तिच्यावर प्रेम करतं. संध्याकाळी मात्र नाइलाजाने तिला त्या ओल्या घरात, म्हाताऱ्या नवऱ्याच्या ओसाड मिठीत परतावं लागतं. खाली त्यांची भांडणं होतात, त्यानेच समुद्र उसळतो. म्हातारा तिला शिव्या घालतो, ती रडू लागते, इतकी रडते की शेवटी तोच वैतागून बिछान्यातून उडी मारतो आणि हवा खायला पाण्यावर येतो. मित्राने म्हणे त्याला काल रात्रीच पाहिलं: पिवळ्या फ्लॅनेलचं जाकीट, पांढरीशुभ्र कानटोपी, कोमेजलेला चेहरा.

इथे 'तो सूर्य' म्हणून चालणार नाही हे उघड आहे. पण नेमकं काय बिघडतं, ते नीट पाहिल्याशिवाय उपाय सापडत नाही. पहिल्या वाचनात वाटतं की अडचण गोष्टीची आहे: सूर्य बायको कसा असेल? खरं तर गोष्ट मराठी वाचक सहज मान्य करतो. मित्र सांगतोय, थट्टा चालली आहे, ऐकून घ्यायचं. अडचण गोष्टीच्या आधीच्या बारा ओळींत आहे. जर्मन वाचकाने पहिल्याच ओळीत 'डी श्योनऽ झोनऽ' वाचलेलं असतं. तिथे ती फक्त व्याकरणाने बाई आहे. मग मित्र म्हणतो की ती खरोखरच बाई आहे, आणि जर्मन कानाला वाटतं, भाषेला हे आधीपासून ठाऊकच होतं की. व्याकरणातून गोष्टीत जाताना पायरीच लागत नाही. मराठीत आपण पहिल्या ओळीत 'सूर्य उतरला' लिहिलं, की पंधरा-सोळा ओळींनंतर वाचकाला 'उतरला' पुसून टाकावं लागतं. जिथे पायरी नको होती, तिथे खड्डा तयार होतो.

हा खड्डा मराठीत जर्मनपेक्षा खोल का, याचंही कारण आहे. जर्मन क्रियापदाला लिंग नसतं. 'उतरली आहे' आणि 'उतरला आहे' यांसाठी तिथे एकच रूप. लिंग दिसतं ते उपपदात, सर्वनामात आणि नामाला चिकटलेल्या विशेषणाच्या शेवटात. विधेयात आलेलं विशेषणही लिंग दाखवत नाही. मराठीत उलट: उतरला, उतरली, उतरलं, जातो, जाते, जातं. जवळजवळ प्रत्येक वाक्य लिंग ओरडून सांगतं. तीन लिंगं दोन्ही भाषांत आहेत म्हणून काम सोपं होईल असं वाटतं, पण आपल्याकडे लिंग वाक्यभर पसरतं, आणि चुकीचं असलं की वाक्यभर खुपतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे कवितेत लिंग कुठे जागं आहे त्याच्या खुणा करणं. छापील प्रत घ्यावी आणि सूर्याकडे निर्देश करणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करावा. या कामात दोन सापळे हमखास लागतात. पहिला शीर्षकातच आहे. 'उन्टरगांग डेअर झोनऽ' यातला 'डेअर' पाहून नवशिक्या म्हणतो, अरे, इथे तर पुल्लिंग आहे! तसं नाही. ती स्त्रीलिंगाची षष्ठी आहे. जर्मनमध्ये स्त्रीलिंगी 'डी' षष्ठीत आणि चतुर्थीत 'डेअर' होते. दुसरा सापळा सहाव्या ओळीत. सांजेची लाली 'झी'वर सोनेरी प्रकाश शिंपते असं तिथे आहे. 'झी' म्हणजे 'ती', त्यामुळे घाईत वाटतं की सूर्यावर शिंपते. पण 'झी' अनेकवचनही असतं, आणि इथे ते लाटांच्या पाण्याबद्दल आहे. सूर्य तर कधीच बुडालेला आहे. इथे चुकलं तर भाषांतरात बुडालेला सूर्य पुन्हा वर येतो.

खुणा करून झाल्या की दिसतं ते असं: पहिल्या बारा ओळींत सूर्य एकदाच येतो, विशेषणासकट. मित्राच्या उद्गारात पुन्हा एकदा. नंतर 'सुंदर स्त्री' हा शब्द येतो आणि तिथून पुढे सर्वनामं, 'नवरा', 'बायको', शिव्या, अश्रू, सगळंच स्त्रीरूपात. शेवटी रडण्याच्या जागी झोनऽ हे नाव पुन्हा उच्चारलं जातं: 'मानी झोनऽ रडू लागते'. म्हणजे मराठीत सांभाळायच्या जागा तीनच आहेत: सुरुवात, वळण आणि ते पुन्हा घेतलेलं नाव. बाकीचं आपोआप बसतं.

आता उपाय. जे सुचतात आणि टाकावे लागतात, ते आधी.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो शब्द बदलण्याचा उपाय. सूर्य पुल्लिंगी आहे ना, मग प्रभा म्हणू, संध्या म्हणू, उषा म्हणू. शब्द सुंदर आहेत आणि आपल्या कवितेत रुळलेलेही आहेत. पण कवितेला ते पुरत नाहीत. उषा पहाटेची, तिचा संध्याकाळी बुडण्याशी संबंध नाही. संध्या मोहात पाडते, कारण प्रसंग सूर्यास्ताचाच आहे. पण ही बाई दिवसभर उंच आकाशात मिरवते, आणि संध्या दिवसभर कुठे असते? प्रभेला आकार नाही, आणि पुढे म्हातारा तिला शिवी घालताना 'गोल' म्हणणार आहे. त्या शिवीसाठी वाटोळं बिंबच हवं. उजेड चालत नाही.

दुसरा उपाय वेदातला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.८५) सूर्येचं लग्न आहे. सवित्याची मुलगी सूर्या सोमाला दिली जाते, आणि त्या सूक्तातल्या ऋचा आजही लग्नविधीत म्हटल्या जातात. म्हणजे स्त्रीरूपातली सूर्या आपल्या परंपरेत आहेच, तीही नवरी म्हणून. वाचताना आनंद होतो. लिहायला बसलं की दोन ठिकाणी घसरतं. एक तर ती सूर्याची मुलगी आहे, सूर्य नव्हे, आणि तिचा नवरा सोम, म्हणजे चंद्र. जाणकार वाचकाच्या मनात समुद्रदेवाऐवजी चंद्र येऊन उभा राहतो. दुसरं, मराठीच्या विभक्तीत ती टिकत नाही. 'सूर्याला', 'सूर्याचा' यांत पुल्लिंगी सूर्याचंच सामान्यरूप 'सूर्या' आहे, आणि हाक मारतानाही 'सूर्या!' तोच. वेगळेपण दाखवायला 'सूर्येला', 'सूर्येने' अशी रूपं घ्यावी लागतात, आणि ती समुद्रकिनाऱ्यावरच्या गप्पांच्या सुरात पोथीसारखी वाजतात. लोकपरंपरेत श्रावणातल्या रविवारची आदित्यराणूबाईची कहाणी आहे, पण तिथे राणूबाई हे नाव आदित्याच्या जोडीला येतं, आदित्याच्या जागी येत नाही.

तिसरा उपाय म्हणजे नातंच उलटं करणं: सूर्य देखणा पुरुष, समुद्र म्हातारी बाई. हा चुकीचाच आहे. मराठीत समुद्र, सागर, दर्या सगळे पुरुष, शिवाय समुद्राला 'सरित्पती' म्हणण्याची आपली जुनी पद्धत आहे. नद्या त्याच्या बायका. समुद्राच्या बाजूने मराठी हायनेच्या पूर्णपणे बाजूची आहे. जर्मनमध्ये तर 'मेअर' हा समुद्र नपुंसक आणि 'झे' हा समुद्र स्त्रीलिंगी, म्हणून त्याला 'समुद्रदेव' असा जोडशब्द घ्यावा लागला. जिथे आपली भाषा आयती साथ देतेय, तिथे ती मोडून दुसरीकडे सोय करायचं काही कारण नाही.

मग काय करायचं? सुरुवातीला लिंग झाकायचं, वळणावर उघडायचं आणि पुन्हा नाव घेण्याच्या जागी नाव टाळायचं.

झाकायची साधनं मराठीत बरीच आहेत, फक्त ती एरवी त्यासाठी वापरली जात नाहीत. 'आहे' या रूपाला लिंग नाही. 'सुंदर', 'लाल', 'शांत' ही विशेषणं बदलत नाहीत. 'आपला', 'आपल्या' या शब्दांतून मालक पुरुष की स्त्री ते कळत नाही, 'त्याच्या' किंवा 'तिच्या'तून कळतं. 'जाईल', 'येईल' यांत लिंग नाही, आणि जुन्या कवितेतल्या 'जाई', 'येई', 'फिरे' या रूपांतही नाही. षष्ठीचा '-चा, -ची, -चं' मालकाप्रमाणे नव्हे तर मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतो. आणि कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं. पण इथे सर्वांत कामाला येतो तो एक साधा शब्द: सूर्यबिंब. ते नपुंसकलिंगी आहे.

शांतपणे समुद्रात उतरलं आहे
सुंदर सूर्यबिंब;
हेलावत्या पाण्यावर चढलाय
रात्रीचा काळा रंग,
सांजेची लाली तेवढी
त्यावर अजून सोनं उधळते आहे.

'उतरलं' म्हटल्यावर वाचकाच्या मनात पुरुष उभा राहत नाही. बाईही उभी राहत नाही, हे खरं. जर्मनमध्ये इथे व्याकरणाची एक सावली पडलेली असते, ती मराठीत पडत नाही. मात्र पुढे पुसावी लागेल अशी कोणतीही खूण आपण करत नाही. शिवाय बिंब गोल असतं, त्यामुळे पुढच्या शिवीची तयारी इथेच होऊन जाते. 'उधळते'मधलं स्त्रीलिंग लालीचं आहे, सूर्याचं नाही. तरी ते कानावर पडून जातं आणि त्याने काही बिघडत नाही, उलट थोडी मदतच होते. एक धोका लक्षात ठेवावा: 'बिंब' हा शब्द दोनदा आला की कविता पंचांगासारखी वाटू लागते. एकदाच.

मित्राचा उद्गार सर्वांत सोपा. 'किती सुंदर आहे सूर्य!' विशेषण अचल, क्रियापद अलिंगी. इथे 'सूर्य' हा शब्द पहिल्यांदा उघडपणे येतो, आणि वाक्यात पुरुष असल्याची एकही खूण नाही. 'किती देखणा', 'किती छान दिसतोय' असं काही लिहिलं की सगळं हातचं जातं.

आता वळण. जर्मनमध्ये इथे एक बारकी गोष्ट घडते. मित्राचं बोलणं सांगताना हायने क्रियापदांची खास रूपं घेतो, दुसऱ्याचं म्हणणं आपण नुसतं पोचवतोय हे दाखवणारी. जर्मन व्याकरणात त्यांना कोंयुंक्टिव म्हणतात, आणि वर्तमानपत्रांत ती रोज दिसतात. 'ती आहे' असं साधं रूप न घेता 'ती असल्याचं तो सांगतो' इतकं सगळं एकाच क्रियापदात येतं. मराठीत यासाठी एक छोटा, जिवंत शब्द आहे: म्हणे. 'त्यांच्याकडे म्हणे पाहुणे येणार आहेत.' ऐकीव, थोडं गमतीचं, जबाबदारी न घेता सांगितलेलं. या जागेसाठी याहून नेमका शब्द मिळणार नाही.

आणि 'म्हणे'च्या शेजारी मराठी व्याकरण आपली खरी मदत करतं. मराठीत 'ताजमहाल ही एक इमारत आहे' असं आपण सहज म्हणतो. ताजमहाल पुल्लिंगी, इमारत स्त्रीलिंगी, आणि 'ही' इमारतीच्या मागे जाते. दर्शक सर्वनाम विधेयातल्या नामाचं लिंग घेतं. मग:

आणि अर्धं हसत, अर्धं हळवं होत
त्यानं मला खात्रीनं सांगितलं:
सूर्य ही म्हणे एक देखणी बाई,
सोय पाहून म्हाताऱ्या समुद्रदेवाशी
लग्न केलेली.

'सूर्य ही' हे दोन शब्द शेजारी आले की कान क्षणभर टवकारतो, आणि 'बाई'पाशी वाक्य अगदी शुद्ध निघतं. एकही शब्द वाढवावा लागला नाही. 'सूर्य खरं तर पुरुष नाहीच' अशी ओळ घालायचा मोह इथे होतो, ती घालू नये. ती मूळात नाही, आणि ती घातली की भाषांतरकार वाचकाच्या कानात कुजबुजतोय असं वाटतं. यानंतर 'ती' येते ती बाईच्या मागे, सूर्याच्या नव्हे, त्यामुळे पुढे सगळीकडे 'ती' निर्धास्त वापरता येते.

इथे आणखी एका ठिकाणी मराठी आपल्याला नकळत ओढते. म्हातारा नवरा आणि सुंदर तरुण बायको म्हटलं की हातातून 'दिलेली' निसटतं: 'म्हाताऱ्याला दिलेली'. जरठ-बाला विवाह हा शब्दच आपल्याकडे सुधारणेच्या वादांतून आला आहे, आणि त्याच्यासोबत मुलीवरचा अन्याय येतो. हायनेच्या ओळीत लग्न तिनेच केलं आहे, सोय पाहून. नाइलाज आहे तो रोज संध्याकाळी परतण्यातला. 'दिलेली' लिहिलं तर पूर्ण कविता करुण होते आणि शेवटची कानटोपी निर्दय वाटू लागते. हा बदल एका कृदंताने होतो, म्हणून तो तपासायला हवा.

दिवसभर उंच आकाशात
आनंदानं हिंडते,
किरमिजी साज ल्यालेली, हिऱ्यांनी लखलखती,
साऱ्यांची लाडकी, साऱ्यांच्या कौतुकाची,
आपल्या नजरेच्या उजेडानं, उबेनं
साऱ्या जिवांना सुखवणारी;
पण संध्याकाळ झाली की म्हणे नाइलाजानं, खिन्न मनानं
परतते त्या ओल्या घरात,
म्हाताऱ्या नवऱ्याच्या ओसाड मिठीत.

'म्हणे' दुसऱ्यांदा आलं ते मुद्दाम. जर्मनमध्ये ती ऐकीव रूपं या ओळींभर चालू राहतात. त्यानंतर मित्र 'खरंच सांगतो' म्हणत थेट बोलू लागतो आणि ती रूपं थांबतात. मराठीतही तिथून 'म्हणे' थांबायला हवं. थापेचा आव उतरून थाप आता खरी म्हणून सांगितली जाते, विनोद तिथेच चढतो. साज म्हणताना शालू, नथ असं काही आणू नये. मूळचा रंग राजेशाही लाल-जांभळा आहे, पण बाई महाराष्ट्राची नाही.

शिवीची ओळ अवघड आहे आणि तिथे भाषांतरकाराला मराठीत एक भेट मिळते. म्हातारा तिला 'विश्वाची गोल वेश्या' म्हणतो, आणि लगेच एक घडवलेला शब्द जोडतो, किरणांनी चाळे करणारी. मराठीत 'वाटोळी' म्हणजे गोल, आणि 'वाटोळं' म्हणजे सत्यानाश. म्हाताऱ्याच्या तोंडी दोन्ही अर्थ शोभतात.

'अगं ए, विश्वाची वाटोळी बटीक!
किरणांनी चाळे करणारी!
दिवसभर दुसऱ्यांसाठी धगधगतेस,
आणि रात्री माझ्या वाट्याला गार आणि दमलेली!'

जर्मन 'डू'मधून, म्हणजे 'तू'मधून, समोर बाई आहे की पुरुष ते कळत नाही. 'अगं' एका क्षणात सांगतं. म्हणजे सुरुवातीला जी सावली आपण गमावली, तिची भरपाई इथे होते. इथे 'अगं' गाळून 'ए' एवढंच ठेवणं म्हणजे मिळालेलं परत करणं. 'बटीक' मूळ शब्दापेक्षा थोडी सौम्य आहे. याहून उघड शब्द मराठीत आहेत, पण त्यांतले बरेचसे इतके रोजचे झाले आहेत की ते आले की वाचक म्हाताऱ्याला विसरतो आणि शब्दच ऐकतो. भांडणाला मूळात जो शब्द आहे तो पडद्याआडच्या बिछान्यातल्या प्रवचनाचा आहे, आणि असं प्रवचन रूढीने बायको नवऱ्याला देते. हायनेने ते नवऱ्याच्या तोंडी टाकलं आहे. मराठीत 'कानउघाडणी' एवढ्यावर थांबावं लागतं, आणि ही उलटापालट मराठीत हरवते.

तिसरी जागा, मानी झोनऽ. 'मानी सूर्य रडू लागते' हे मराठी नाही, आणि 'रडू लागतो' म्हटलं तर शंभर पावलं मागे गेलो. इथे नाव सोडून द्यावं.

मग, साहजिकच, रडू फुटतं त्या मानिनीला,
आपलं दुःख उगाळत बसते,
इतकी उगाळते की समुद्रदेव
वैतागून बिछान्यातून उडी मारतो.

'मानिनी' हा जुन्या काव्यातला, रुसलेल्या अभिमानी स्त्रीचा शब्द, 'मानी झोनऽ'च्या अगदी जवळ जातो. 'रडू फुटतं'मध्ये क्रियापद रडण्याच्या मागे जातं. नाव हरवलं, पण त्याच्या जागी जे आलं ते उपरं नाही.

तळटीप द्यावी का? पहिल्या ओळीतल्या सूर्यबिंबावर चांदणी करून खाली 'जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी असतो' लिहिणं हे सर्वांत वाईट, कारण मित्राने सांगायची गोष्ट टीप आधीच सांगून टाकते. द्यायचीच असेल तर ती माहिती संग्रहाच्या प्रस्तावनेत, एका वाक्यात असावी. आणि इंग्रजीवरून मराठी करणाऱ्यांनी पहिल्या बारा ओळींसाठी तरी मूळ पाहावं. इंग्रजी 'द'ला लिंगच नाही, त्यामुळे तिथे काही झाकायचं आहे हेच दिसत नाही, आणि हात सरळ 'सूर्य उतरला'कडे जातो.

एवढं करून एक गोष्ट उरतेच. जर्मन वाचकाला मित्राची गोष्ट भाषेतूनच उगवल्यासारखी वाटते, मराठी वाचकाला ती मित्राने रचलेली वाटते. 'ही' आणि 'म्हणे' यांनी अंतर कमी होतं, संपत नाही.

हा उपाय सरसकट लावता येत नाही, याचा पुरावा हायनेनेच शेजारी ठेवला आहे. पहिल्या मालेतही एक सूर्यास्त आहे. त्याच्या सुरुवातीलाही तांबडीलाल झोनऽ समुद्रात उतरते आणि समोरून फिकट चेहऱ्याचा चंद्र डोकावतो. मग कवी सांगतो की एके काळी आकाशात दोघं नवरा-बायको होते: देवी लूना आणि देव सोल. वाईट जिभांनी त्यांना वेगळं केलं. आता दिवसा सूर्यदेव एकटाच दिमाखात फिरतो, आणि रात्री लूना, बिचारी आई, आपली पोरकी तारेपोरं घेऊन भटकते. म्हणजे जोडी इथे बरोबर उलटी आहे! जर्मन व्याकरण आड येतं म्हणून हायनेने लॅटिन नावं घेतली आणि 'सूर्यदेव' हा पुल्लिंगी जोडशब्द वापरला. लिंग अडलं तेव्हा मूळ कवीनेही नावच बदललं, हे भाषांतरकाराने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मराठीत या कवितेतला सूर्य आयता बसतो आणि चंद्र अडतो. शिवाय आपल्याकडे चंद्राच्या भोवती सत्तावीस नक्षत्रं आहेत ती त्याच्या बायका म्हणून, लेकरं म्हणून नाही. आणि मुलांसाठी तो चांदोमामा. त्याला आई करणं म्हणजे एकाच वेळी दोन नाती मोडणं. चंद्रिका, कौमुदी म्हणजे चांदणं, आणि चांदणी म्हणजे तारका. त्या स्वतःच लेकरांत मोडतात. इथे काहीच न झाकता हायनेच्या मागे जावं: आधी चंद्राला 'डोकावतो' असं खुशाल पुल्लिंगी येऊ द्यावं, आणि गोष्ट सुरू झाली की 'लूना' हे नाव तसंच घ्यावं. हे नाव जर्मन वाचकालाही बाहेरचंच होतं.

शेवटी शीर्षकं राहतात, आणि ती कविता पूर्ण झाल्यावरच ठरवावीत. पहिल्या मालेतलं शीर्षक एकसंध जोडशब्द आहे, 'झोनेनउन्टरगांग', रोजच्या बोलण्यातला सूर्यास्त. दुसऱ्या मालेत हायनेने तोच शब्द फोडून दोन केले आहेत, आणि सुटा झालेला 'उन्टरगांग' म्हणजे अस्त तसाच ऱ्हासही. दोन्हींना 'सूर्यास्त' म्हटलं तर संग्रहात दोन कविता एकाच नावाने येतात आणि त्याने केलेला भेद पुसला जातो. पहिली 'सूर्यास्त', दुसरी 'सूर्याचं बुडणं'. 'सूर्याचं'मधला प्रत्यय बुडण्याच्या मागे जातो, त्यामुळे सूर्य तो की ती हे शीर्षक सांगत नाही. आणि मराठीत दिवसही बुडतो, माणसाचा धंदाही बुडतो.